पहिल्याच मेलमध्ये सवलत कशाला?

प्रश्न : आमचं पाठीवरच्या बॅगांचं ऑनलाइन दुकान आहे. महिन्याला साधारण हजार लोक चेकआउटपर्यंत येतात, ईमेल भरतात आणि ऑर्डर न करता निघून जातात. अर्ध्या तासाने त्यांना १० टक्के सवलतीचं कूपन असलेला मेल आपोआप जातो. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी तोच मेल पुन्हा जातो. ऑर्डरी येतात, पण हल्ली जुने ग्राहकसुद्धा कार्ट भरून निघून जातात आणि कूपन आलं की परत येतात. सवलत बंद केली तर विक्री बसेल अशी धास्ती वाटते. मेल कधी पाठवावेत, त्यात काय लिहावं, आणि सवलत द्यायचीच का?

उत्तर : पहिल्या दोन मेलांतली सवलत आजच काढा. तिसऱ्या मेलमध्येही ती सरसकट देऊ नका, मोजक्या लोकांनाच द्या. असं का म्हणतो, ते आधी हिशोब मांडून दाखवतो.

समजा सरासरी कार्ट २,००० ची आहे (चलन कोणतंही धरा) आणि माल, पॅकिंग, डिलिव्हरी हे सगळं वजा जाता तुम्हाला त्यात ८०० सुटतात. १० टक्के सवलत म्हणजे २०० गेले. २,००० कडे पाहिलं तर ते किरकोळ वाटतात, पण ते जातात तुमच्या ८०० मधून. हाती उरतात ६००, म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा गेला. सवलतीशिवाय १०० ऑर्डरींत ८०,००० सुटत होते, तेवढेच सवलत देऊन सोडवायचे तर १३४ ऑर्डरी लागतात. थोडक्यात, सवलतीने ऑर्डरी एक तृतीयांशाने वाढल्या नाहीत, तर मेहनत वाढून नफा कमी होतो. तुमचं मार्जिन याहून कमी असेल तर हा उंबरठा आणखी वर जातो. ८०० ऐवजी ५०० सुटत असतील, तर सवलतीनंतर ३०० च उरतात आणि ऑर्डरी दोन तृतीयांशाने वाढाव्या लागतात.

याहून मोठी गळती सहसा दिसतच नाही. कार्ट सोडून गेलेल्यांपैकी काही जण मेल आला नसता तरी परत येणारच असतात. कुणाला कार्ड शोधायचं असतं, कुणाला घरी विचारायचं असतं, कुणाचा फोन वाजलेला असतो. तुमच्या मेलचं सॉफ्टवेअर मात्र बहुधा मेलनंतर आलेली ऑर्डर मेलच्याच खात्यावर जमा करतं. त्यामुळे पूर्ण किमतीला घेणाऱ्या माणसाला तुम्ही २०० परत दिलेत, ही गोष्ट अहवालात 'मेलमुळे मिळालेली विक्री' म्हणून झळकते.

आता वेळापत्रकाकडे येऊ. तीन मेल पुरेत : शेवटच्या हालचालीनंतर १ तासाने पहिला, २४ तासांनी दुसरा, ७२ तासांनी तिसरा. अर्धा तास घाईचा होतो, कारण तेवढ्यात अनेक जण अजून खरेदीतच असतात. दुसऱ्या टॅबमध्ये माप बघत असतात, किंवा पैसे भरलेले असतात पण पेमेंट झाल्याचा निरोप तुमच्या दुकानापर्यंत पोचलेला नसतो. 'मी ऑर्डर केलीय, तरी हा मेल कसा आला?' अशी उत्तरं महिन्यातून दोन-चारदा येत असतील, तर मेल लवकर सुटतोय किंवा पाठवण्याआधी ऑर्डर तपासली जात नाहीये असं समजा.

एक तास हा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. मेल न पाठवता परत आलेल्या लोकांच्या ऑर्डरी काढा आणि कार्ट सोडल्यापासून ऑर्डरपर्यंत किती वेळ गेला ते मांडा. सुरुवातीला बऱ्याच ऑर्डरी येतात आणि मग ओघ एकदम आटतो असं दिसेल. तो जिथे आटतो, तिथे पहिला मेल ठेवायचा. बॅगांसारख्या वस्तूला हे बहुधा पहिल्या तासाच्या आसपास येईल. लोक आठवडाभर विचार करून घेतात अशी महागडी वस्तू असेल, तर पहिला मेल चार-पाच तासांवर आणि शेवटचा सात-आठ दिवसांवर नेलेला बरा.

सेटिंग भरताना एक चूक हमखास होते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये थांबण्याचा वेळ आधीच्या पायरीपासून मोजला जातो. तिथे तुम्ही १, २४ आणि ७२ तास असे आकडे भरलेत, तर तिसरा मेल ७२ ऐवजी ९७ तासांनी जातो. योग्य आकडे १, मग २३, मग ४८. दुसरं म्हणजे प्रत्येक मेलच्या आधी 'हा क्रम सुरू झाल्यापासून या माणसाने ऑर्डर केली का?' ही अट पुन्हा तपासली गेली पाहिजे. ती फक्त सुरुवातीला तपासली, तर दुसऱ्या दिवशी बॅग विकत घेतलेल्याला तिसऱ्या दिवशी सवलतीचा मेल जातो. मग तो ती सवलत मागून घेतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. शक्य असेल तर ही तपासणी ईमेलसोबत फोन नंबरवरूनही करा, कारण दुसऱ्यांदा येताना लोक कधी कधी वेगळाच ईमेल टाकतात.

रात्री दीडला कार्ट सोडलेल्याला अडीचला मेल नको. रात्री ९ ते सकाळी ८ या वेळेत सुटणारे मेल सकाळपर्यंत थांबवा, आणि तेही ग्राहकाच्या प्रमाणवेळेनुसार. दुसरा मेल २४ तासांनी ठेवण्यामागे तोच विचार आहे. काल ज्या वेळी तो निवांतपणे बॅगा बघत होता, आजही त्याच वेळी त्याला सवड असण्याची शक्यता जास्त.

आता मजकूर. तुमचे तिन्ही मेल एकच आहेत, आणि सवलतीइतकीच ही चूक मोठी आहे. पहिल्या मेलचं काम आठवण देऊन रस्ता मोकळा करणं. दुसऱ्याचं काम मनातली शंका फेडणं. तिसऱ्याने निरोप घ्यायचा. बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था अनेक अभ्यासांची सरासरी काढून सांगते की सुमारे ७० टक्के कार्टी सोडून दिल्या जातात. नुसतं बघायला आलेले वगळले, तर कारणांत सगळ्यात वर येतो तो शेवटी वाढणारा खर्च : डिलिव्हरी, कर, इतर शुल्क. म्हणजे माणूस बहुतेक वेळा वस्तूच्या किमतीला नाही, तर शेवटच्या पानावर दिसलेल्या अनपेक्षित आकड्याला बिचकतो. हा आकडा उत्पादनाच्या पानावरच दाखवलात, तर कुठल्याही कूपनपेक्षा जास्त फरक पडेल.

पहिला मेल असा लिहा :

> विषय : तुमची राखाडी २० लिटर बॅग कार्टमध्ये ठेवली आहे
>
> विषयाखालची ओळ : जिथे थांबलात, तिथूनच पुढे जाता येईल.
>
> नमस्कार,
>
> तुमची ऑर्डर अर्धवट राहिली. कार्ट जशीच्या तशी ठेवली आहे.
>
> [बॅगेचं चित्र] राखाडी, २० लिटर, १ नग
> वस्तू २,०००, डिलिव्हरी १००, एकूण २,१००
>
> [ऑर्डर पूर्ण करा]
>
> पैसे भरताना काही अडलं असेल तर याच मेलला उत्तर द्या. आम्ही वाचतो.

विषयात वस्तूचं नाव आहे, 'काहीतरी विसरलात!' अशी हाक नाही. चेकआउटला एकूण जेवढी रक्कम दिसली होती तेवढीच इथे लिहिली आहे, त्यामुळे पुन्हा दचकायचं कारण उरत नाही. बटण एकच आहे. त्याखाली 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून आणखी चार बॅगा लावू नका. ज्याने निवड केली आहे त्याला तुम्ही पुन्हा निवडायला बसवता. आणि शेवटची ओळ लिहायची तर मेल खरोखर उत्तर देता येईल अशा पत्त्यावरून जायला हवा. या उत्तरांतूनच तुम्हाला कळेल की अमुक बँकेचं कार्ड चालत नाहीये किंवा पत्त्याचा रकाना अडतोय.

बटणाची लिंक जरूर तपासा. अनेक दुकानांत कार्टची आठवण फक्त त्या ब्राउझरमध्ये असते. माणसाने लॅपटॉपवर कार्ट भरली आणि मेल फोनवर उघडला, की समोर रिकामी कार्ट येते. त्याला वाटतं वस्तू संपली, आणि विषय तिथेच मिटतो. मेलमधल्या लिंकला त्या कार्टची स्वतःची खूण जोडलेली असावी लागते. अशी लिंक बहुतेक दुकान-सॉफ्टवेअर देतात, पण मेलच्या साच्यात हाताने 'कार्ट' पानाचा पत्ता टाकला की ती बाजूला पडते. तपासायची रीत सोपी आहे : स्वतः एक कार्ट सोडा, मेल येऊ द्या, आणि लिंक दुसऱ्या फोनवर खासगी खिडकीत उघडा. राखाडी बॅग, एक नग, भरलेला पत्ता असं सगळं दिसलं पाहिजे.

दुसऱ्या मेलमध्ये 'अजून विचार करताय का?' एवढंच विचारून थांबू नका. बॅग घेणाऱ्याच्या मनात नेमकं काय येतं ते तुमच्याकडे आलेल्या प्रश्नांत सापडेल : माझा लॅपटॉप बसेल का, पावसात भिजेल का, नाही आवडली तर परत करता येईल का. त्यातले दोन-तीन घ्या आणि सरळ उत्तरं द्या.

> विषय : २० लिटर बॅगेत १५ इंची लॅपटॉप बसतो का?
>
> बसतो. लॅपटॉपच्या कप्प्याची आतली मापं ३८ × २६ सेंटीमीटर आहेत. कापड पावसाची सर सोसतं, पण चेनमधून पाणी शिरू शकतं. जोराच्या पावसात वरून कव्हर लागेल.
>
> पटली नाही तर मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करा. परत पाठवण्याचा खर्च आमचा.
>
> [ऑर्डर पूर्ण करा]

मापं आणि मुदत अर्थात तुमच्या खऱ्या मालाचीच लिहा. चेनबद्दलचं ते वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. उणीव सांगितली की बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो, आणि भिजलेली बॅग परत येण्याचा खर्चही वाचतो. 'फक्त २ शिल्लक' हे खरं असेल तरच लिहा, आणि तो आकडा पाठवण्याच्या क्षणी साठ्यातून उचलला जाईल अशी सोय करा. वस्तू मधल्या काळात संपली असेल तर मेल थांबलाच पाहिजे. संपलेल्या बॅगेची आठवण करून देणारा मेल दुकानाची पत घालवतो.

तिसरा मेल छोटा ठेवा : 'ही शेवटची आठवण. कार्ट अमुक तारखेपर्यंत ठेवतो, मग रिकामी करतो.' तारीख खरी ठेवा आणि त्या दिवशी कार्ट खरंच रिकामी करा. सवलत द्यायचीच असेल तर तिची जागा हीच.

तिसऱ्या मेलमध्येही कूपन फक्त पुढच्या सगळ्या अटी पाळणाऱ्याला जावं : त्याने तुमच्याकडून आजवर काहीच घेतलेलं नाही, गेल्या ६ महिन्यांत त्याला तुमचं कूपन मिळालेलं नाही, कार्ट तुम्ही ठरवलेल्या किमान रकमेच्या वर आहे, आणि कार्टमध्ये आधीच उतरवलेल्या किमतीची वस्तू नाही. जुन्या ग्राहकाला वस्तू कशी असते ते माहीत असतं. त्याला कूपन दिलं की त्याच्या लेखी पूर्ण किंमत ही भोळ्या लोकांची किंमत ठरते. तुमच्याकडे सध्या तेच घडतंय.

काही प्रसंगांत तर सवलतीचा विचारही करू नका. पैसे भरताना व्यवहार अडकला असेल, तर त्या माणसाने किंमत मान्य केलेली आहे. त्याला क्रमात न घालता पंधरा-वीस मिनिटांत वेगळा मेल पाठवा : पेमेंट पूर्ण झालं नाही, दुसऱ्या मार्गाने भरण्याची लिंक ही. मात्र आधी व्यवहार खरोखर फसला आहे, नुसता लटकलेला नाही, याची खात्री करा, नाहीतर एकाच बॅगेचे दोनदा पैसे कापले जातील. माणूस डिलिव्हरीच्या पायरीवरून परत फिरला असेल, तर १० टक्क्यांपेक्षा डिलिव्हरी माफ करणं स्वस्त पडतं. वरच्या उदाहरणात २०० ऐवजी १०० जातात, आणि तो जिथे अडला होता नेमकी तीच गाठ सुटते. आणि जी बॅग एरवीही महिना संपण्याआधी संपते, तिच्यावर सवलत देणं म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाची पूर्ण किंमत बुडवणं.

चेकआउटवरचा कूपनचा रिकामा चौकोनही पाहा. तो मोठा दिसला की माणूस खरेदी सोडून कोड शोधायला निघतो. ती जागा 'कूपन आहे?' अशा बारीक ओळीमागे दडवा. मेलमधून जाणारा कोड प्रत्येकाचा वेगळा, एकदाच चालणारा आणि तीन दिवसांत संपणारा ठेवा. सगळ्यांना एकच कोड दिला, तर तो कूपन गोळा करणाऱ्या साइटींवर पोचतो आणि कार्ट न सोडलेले लोकही तो वापरू लागतात. तसं झालंय का हे ओळखायला कोड किती जणांना पाठवला आणि किती वेळा वापरला गेला हे दोन आकडे शेजारी ठेवा. वापर पाठवलेल्यांच्या जवळ आला किंवा पुढे गेला, की गळती आहे.

राहिली तुमची धास्ती. ती चाचणीने फिटेल. सॉफ्टवेअरला लोक तीन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटायला सांगा : १,००० पैकी २०० जणांना एकही मेल नाही, ४०० जणांना सवलतीशिवाय तीन मेल, ४०० जणांना सध्यासारखं कूपन. एकदा ज्या गटात पडला, त्या गटातच माणूस राहिला पाहिजे. मेल उघडले किती ते मोजत बसू नका, कारण ॲपलने २०२१ मध्ये मेलमधली चित्रं आपोआप उतरवून घेण्याची सोय आणल्यापासून तो आकडा फुगलेला असतो. प्रत्येक गटात कार्ट सोडल्यापासून १४ दिवसांत, कुठल्याही मार्गाने आलेल्या ऑर्डरी मोजा.

समजा मेल न गेलेल्या गटात १०० पैकी ६ जण आपणहून आले, साध्या मेलांच्या गटात ९ आणि कूपनच्या गटात १०.५. नफा मांडा : ६ × ८०० म्हणजे ४,८००. ९ × ८०० म्हणजे ७,२००. १०.५ × ६०० म्हणजे ६,३००. ऑर्डरी कूपनने जास्त आणल्या, पैसे साध्या मेलांनी जास्त आणले. कूपनच्या १०.५ मधले ६ जण तर तसेही येणार होते. त्यांना दिलेले १,२०० सरळ खिशातून गेले.

एका महिन्यात निकाल लावू नका. ४०० जणांत ३६ आणि ४२ ऑर्डरींमधला फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. तुम्हाला जे पाहायचंय ते एवढंच : कूपनने ९ चे १२ होतात का, कारण १२ झाले तरच ते नुकसानीत नाही. एवढा फरक भरवशाने पकडायला त्या दोन्ही गटांत प्रत्येकी साधारण १,७०० जण लागतात. तुमच्या संख्येला ते सव्वाचार महिन्यांचं काम आहे. तोवर चाचणीतल्या कूपनच्या गटातूनही जुन्या ग्राहकांना वगळा आणि तिन्ही गटांची तुलना नव्या लोकांवरच करा. जुन्यांना सगळीकडे साधेच मेल. तसं केल्यावर नवे लोक हजारापेक्षा कमी पडतील, तेवढ्या प्रमाणात मुदत लांबेल.

कूपन बंद केल्यावर पहिले काही आठवडे जुन्यांच्या ऑर्डरी घटलेल्या दिसतील. ते कूपनची वाट बघत असतात. म्हणूनच ऑर्डरी मोजण्याची मुदत १४ दिवसांची ठेवली आहे, तीन दिवसांची नाही. कुणी लिहून विचारलं, 'मागच्या वेळी कोड आला होता, या वेळी नाही का?' तर एवढंच कळवा : 'तो कोड पहिल्या खरेदीसाठी होता. तुमची कार्ट रविवारपर्यंत ठेवली आहे, लिंक ही.'